प्रदर्शनात स्टॉल घ्यायचाय: जागा, थ्री फेज वीज आणि भाडं, आयोजकांना नेमकं काय विचारू?

घाण्याची_सून
नमस्कार मंडळी. आमचं कराडजवळ छोटं वर्कशॉप आहे. सासरे आणि दीर मिळून लाकडी तेलघाणे बनवतात, विक्री आणि हिशेब माझ्याकडे. आतापर्यंत गिऱ्हाईक तोंडी ओळखीने येत होतं. यंदा पहिल्यांदाच जानेवारीतल्या एका पाच दिवसांच्या कृषी प्रदर्शनात स्टॉल घ्यायचं ठरवलंय. नुसता घाणा मांडून उपयोग नाही, तो लोकांसमोर चालवून शेंगदाण्याचं तेल काढून दाखवायचंय. तेल गळताना बघितलं की मगच माणूस किंमत विचारतो, हा आमचा अनुभव आहे.

आयोजकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर दरपत्रक पाठवलंय. ३ मीटर बाय ३ मीटरचा तयार स्टॉल, दर चौरस मीटरला ४,५०० रुपये. कोपऱ्याचा हवा असेल तर १० टक्के जादा. त्यात तीन बाजूंच्या भिंती, वर नावाची पट्टी, एक टेबल, दोन खुर्च्या, तीन स्पॉट लाइट आणि ५ अँपिअरचा एक प्लग. पुढे एकच ओळ आहे: 'अतिरिक्त वीज रु. २,००० प्रति किलोवॅट. जीएसटी वेगळा.' बाकी काही नाही.

दोन जागा शिल्लक आहेत असं सांगतात. अ-३१ मुख्य दाराच्या जवळ, एकाच बाजूने उघडा. ब-१४ आत, पण कोपऱ्याचा, दोन बाजूंनी उघडा. घाण्याला ३ एचपीची मोटर आहे, वजन साधारण पावणेतीनशे किलो. आठवड्यात निम्मे पैसे भरायला सांगितलेत. पैसे भरण्याआधी काय काय विचारून घेऊ?

शेतकरी_पुत्र
ताई, विजेचं सोपं आहे. एचपीला ०.७४६ ने गुणायचं. ३ एचपी म्हणजे २.२४ किलोवॅट. सव्वादोन किलोवॅट लिहून द्या, काम झालं. आणि जागा दाराजवळचीच घ्या, डोळे झाकून. आत कोण जातंय?

मंडपवाला_दादा
वहिनी, मी बरीच वर्षं प्रदर्शनांच्या स्टॉल उभारणीची आणि तात्पुरत्या वायरिंगची कामं घेतो, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो. वीज नंतर, आधी जागा.

स्टॉलचा नंबर म्हणजे जागा नव्हे. जागा म्हणजे नकाशा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या नकाशाचा फोटो पुरेसा नाही. मापं घातलेला नकाशा मागा आणि त्यावर तारीख आहे का बघा, कारण प्रदर्शन जवळ येईपर्यंत तो तीन-चार वेळा बदलतो. एखाद्या मोठ्या कंपनीने शेजारचे चार स्टॉल एकत्र घेतले की तुमचा ब-१४ सरकून ब-१७ होतो आणि कोपरा जातो. कोपऱ्याचे जादा पैसे मात्र भरलेले असतात. म्हणून पत्रात स्पष्ट लिहून घ्या की कोपरा गेला तर ते १० टक्के परत मिळतील, किंवा तुमच्या पसंतीची दुसरी जागा मिळेल.

दुसरं, स्टॉलच्या आत खांब येतो का ते विचारा. हँगरचे लोखंडी खांब ठराविक अंतरावर असतात आणि नकाशात ते बारीक ठिपक्यासारखे दिसतात. ९ चौरस मीटरमध्ये घाणा आणि भोवती उभं राहायची जागा बसवायची असेल तर एक फुटाचा खांबसुद्धा फार जागा खातो.

तिसरं, स्टॉलसमोरची वाट किती रुंद आहे? तुमच्यासाठी हे सगळ्यात महत्त्वाचं. चालता घाणा बघायला वीस माणसं थांबणार. वाट अडीच-तीन मीटरची असेल तर ती अडते, समोरचा स्टॉलवाला तक्रार करतो आणि आयोजकांचा माणूस येऊन सांगतो, 'मशीन बंद ठेवा.' हे मी पुष्कळदा बघितलंय. दाराजवळ तर गर्दी मागून रेटतच असते, थांबू देत नाही.

आणि पावणेतीनशे किलोचा घाणा आत कसा जाणार? टेम्पो हॉलच्या दारापर्यंत येतो का, कोणत्या दिवशी किती वाजेपर्यंत येऊ देतात, हे विचारा. आदल्या संध्याकाळी सगळ्या वाटांवर गालिचे अंथरलेले असतात, मग त्यावरून ट्रॉली ओढू देत नाहीत.

श्रीखंडवाले_काका
दिवाळी बाजारात स्टॉल घेताय का? आमच्या बचत गटाच्या बायकांचा अनुभव सांगतो. मागे आम्ही श्रीखंड-आम्रखंडाचा स्टॉल लावला होता. फ्रीज भाड्याने आणला, प्लग होता, दिवसभर सगळं नीट. रात्री नऊला प्रदर्शन बंद झालं की आयोजक पूर्ण हॉलची मेन लाइन बंद करत होते. आम्हाला कल्पनाच नव्हती. सकाळी येऊन बघतो तर चाळीस किलो श्रीखंड आंबलेलं. बायका रडल्या अक्षरशः. त्यामुळे रात्रभर वीज मिळते का, हे आधी विचारा. फ्रीजसाठी वेगळी चोवीस तासांची लाइन असते आणि तिचे पैसेही वेगळे असतात, हे आम्हाला नंतर कळलं.

घाण्याची_सून
काका, वाचून फार वाईट वाटलं. आमचा स्टॉल खाण्याचा नाही, घाणा विकायचाय, त्यामुळे फ्रीज नाही. पण रात्रीच्या विजेचा प्रश्न माझ्या डोक्यातही आला नव्हता. दादा सांगतात त्या वाटेच्या रुंदीचाही नाही.

आज आयोजकांच्या ऑफिसला फोन केला. ब-१४ मध्ये मागच्या कोपऱ्यात खांब आहे, हे विचारल्यावर कळलं, आपणहून कोणी सांगितलं नव्हतं. वाट समोरून ३ मीटर आणि बाजूने ४ मीटर. अ-३१ समोरची वाट ४ मीटर, पण दारातून येणारे सगळे तिथूनच जाणार. ब-१४ च्या पलीकडे एक स्टॉल सोडून चर्चासत्राचं दालन आहे.

विजेबद्दल विचारलं तर म्हणाले, 'मॅडम, किती किलोवॅट पाहिजे ते लिहून द्या, आमचा इलेक्ट्रिशियन देईल.' सिंगल फेज की थ्री फेज, तर 'जे पाहिजे ते.' आमचा घाणा थ्री फेजवरचा आहे. दीर म्हणतात सिंगल फेजची मोटरही बसवता येईल. काय करू?

मंडपवाला_दादा
थ्री फेजच घ्या, आणि 'जे पाहिजे ते' यावर विसंबू नका. तात्पुरत्या लाइनमध्ये थ्री फेज प्रत्येक रांगेपर्यंत नेलेली नसते. नंतर मागितली की केबल ओढायला लागते आणि त्याचे पैसे तुमच्या माथी येतात.

शेतकरी_पुत्र यांचा गुणाकार बरोबर आहे, पण ती मोटरच्या दांड्यावर मिळणारी ताकद झाली. लाइनमधून मोटर त्यापेक्षा जास्त ओढते, कारण थोडी वीज मोटरमध्येच उष्णता होऊन जाते. ३ एचपीची मोटर भरल्या घाण्यावर पावणेतीन किलोवॅटच्या आसपास घेईल. अर्जात ३ किलोवॅट लिहा. वजनकाटा आणि तुमचा टीव्ही फुकटच्या ५ अँपिअरच्या प्लगवर चालेल, त्यावर साधारण हजार-अकराशे वॅटपर्यंत भार घालता येतो. पण घाणा त्या प्लगला चुकूनही लावू नका.

आता सिंगल फेज का नको ते सांगतो. तेवढ्याच एचपीची मोटर सिंगल फेजवर चौदा-पंधरा अँपिअर घेते, थ्री फेजवर दर फेजला पाचाच्या आत-बाहेर. आणि चालू होतानाच्या क्षणी मोटर याच्या पाच-सहापट ओढते. सिंगल फेजवर तो झटका पाऊणशे-नव्वद अँपिअरचा. १६ अँपिअरचा एमसीबी तो एकदा सोसेल, एकदा पाडेल. केबल लांबून आलेली आणि बारीक असेल तर त्या झटक्याला व्होल्टेज खाली बसतं, मोटर वेगच धरत नाही, नुसती घुमत राहते आणि तापते. ते घुमणं ऐकू आलं की लगेच बंद करायची. थ्री फेजवर झटका असतोच, पण लहान.

आणखी एक गोष्ट, घाणेवाल्यांना ही नक्की सांगा. थ्री फेजच्या तीन वायरींचा क्रम प्रत्येक ठिकाणी वेगळा असू शकतो. वर्कशॉपमध्ये घाणा सरळ फिरला म्हणून प्रदर्शनात फिरेलच असं नाही. दोन वायरी अदलाबदल झाल्या की मोटर उलटी फिरते. म्हणून पहिल्यांदा शेंगदाणे न घालता, रिकामा घाणा एक क्षणभर चालवून दिशा बघायची. उलटा फिरला तर कोणत्याही दोन वायरी बदलून घ्यायच्या, आणि ते काम आयोजकांच्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यायचं. यासाठी आदल्या दिवशी दुपारी वीज मिळाली पाहिजे. बऱ्याच ठिकाणी ती उद्घाटनाच्या सकाळीच देतात. तेव्हा मंत्री हॉलमध्ये आणि तुम्ही वायरी बदलताय, असं होतं.

शेतकरी_पुत्र
दादा, पटलं. दांड्यावरची ताकद आणि लाइनमधली वीज हा फरक माझ्या लक्षात आला नव्हता. पण जनरेटरवर चालणार असेल तर काय? तिकडे वीज जातच असते.

मंडपवाला_दादा
चांगलं विचारलंत. मोठी प्रदर्शनं बऱ्याचदा पूर्ण जनरेटरवरच चालतात, निदान पर्यायी सोय तरी असते. आयोजकांना विचारा की लाइट गेल्यावर जनरेटरवर फक्त दिवे येतात की मशीनची लाइनही येते. दोन्हींचं उत्तर वेगळं असतं. आणि घाण्यात माल भरलेला असताना लाइट गेली तर पुन्हा तसाच भरल्या घाण्यावर सुरू करू नका. आधी थोडा माल काढा, मग सुरू करा. भरल्या घाण्याचा झटका जनरेटरलाही झेपत नाही आणि अख्ख्या रांगेचे दिवे मंद होतात.

हिशेबनीस
कोणी भाड्याचं बोलत नाहीये, म्हणून मी लिहितो. ताई, तुमच्या दरपत्रकातली ती एक ओळ धोकादायक आहे. '२,००० प्रति किलोवॅट' म्हणजे पाच दिवसांचे मिळून की रोजचे? दोन्ही पद्धती चालतात. पाच दिवसांचे मिळून असतील तर ३ किलोवॅटचे ६,००० होतात. रोजचे असतील तर ३०,०००. स्टॉलच्या भाड्याच्या पाऊणपट! हे पहिल्यांदा लेखी घ्या.

पाच दिवसांचे मिळून धरले तर तुमचा हिशेब असा: ९ चौरस मीटरचे ४०,५००. कोपऱ्याचे १० टक्के म्हणजे ४,०५०. विजेचे ६,०००. एकूण ५०,५५०. त्यावर १८ टक्के जीएसटी ९,०९९. म्हणजे ५९,६४९ रुपये. अ-३१ घेतला तर कोपऱ्याचे पैसे आणि त्यावरचा कर मिळून ४,७७९ वाचतात. कोपरा हवा की नको हे ठरवताना ही रक्कम डोळ्यांसमोर ठेवा.

तुमचं जीएसटी नोंदणीकृत आहे ना? मग बुकिंगच्या अर्जावर तुमचा जीएसटी क्रमांक घाला आणि इनव्हॉइस त्याच नावाने मागा. पुष्कळ लोक मालकाच्या वैयक्तिक नावाने अर्ज भरतात आणि मग कराचं क्रेडिट घेता येत नाही. ९,००० रुपये सोडायची रक्कम नाही. आगाऊ भरलेल्या पैशांची पावती म्हणजे इनव्हॉइस नव्हे, हेही लक्षात ठेवा. आणि कंपोझिशनमध्ये असाल तर क्रेडिट मिळतच नाही, तेव्हा पूर्ण ५९,६४९ हाच तुमचा खर्च.

कोल्हापुरी_गूळ
एवढा हिशेब कशाला करताय? उद्यम नोंदणी असली की स्टॉलचं भाडं सरकार परत देतं. आमच्या चुलतभावाने घेतलंय.

हिशेबनीस
दादा, योजना खरी आहे, पण तेवढ्यावर पैसे मिळत नाहीत. केंद्राच्या सूक्ष्म, लघु उद्योग खात्याची आहे ती. भाड्याचा काही टक्के परतावा मिळतो, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांना जास्त मिळतो. पण त्याला कमाल मर्यादा असते, आणि ते प्रदर्शन मंजूर प्रकारात बसतं का हे बघितलं जातं. वर्कशॉप सासऱ्यांच्या नावावर असेल तर महिला उद्योजकाचा परतावा मिळणार नाही. ताई, मुंबईत साकीनाक्याला त्यांचं कार्यालय आहे, तिथे प्रदर्शनाच्या आधीच विचारून घ्या. तोपर्यंत हे पैसे परत येतील असं धरून बजेट करू नका.

घाण्याची_सून
उद्यम नोंदणी सासऱ्यांच्याच नावाने आहे. जीएसटी नियमित आहे, कंपोझिशन नाही. म्हणजे क्रेडिट मिळेल.

जागेचं मात्र अजून ठरत नाहीये. घरी दोन मतं आहेत. सासरे म्हणतात दाराजवळची, दीर म्हणतात कोपरा.

पाणीदार
मी ठिबक आणि पंपांचा डीलर आहे, दरवर्षी दोन-तीन प्रदर्शनं करतो. मंडपवाला_दादांशी थोडा असहमत आहे. दाराजवळचा स्टॉल वाईट नसतो, पण तो कशासाठी हे बघायला हवं. माहितीपत्रकं वाटायची असतील तर उत्तम. दिवसभरात हजारो हातांत कागद जातो. पण ते लोक अजून बघायला निघालेले असतात, पिशवी भरायची असते, विकत घ्यायच्या मनःस्थितीत नसतात. आमची खरी बोलणी दुपारनंतर होतात, माणूस एक फेरी मारून परत येतो तेव्हा. घाणा लाखाच्या पुढची वस्तू असेल, ती कोणी दारातच ठरवत नाही.

चर्चासत्राच्या दालनाजवळ असण्याचा फायदाही आहे आणि त्रासही. सत्र सुटलं की दीडशे-दोनशे शेतकरी एकदम बाहेर पडतात. पण सत्र चालू असताना लाउडस्पीकरमुळे तुम्हाला गिऱ्हाइकाच्या कानात ओरडून बोलावं लागेल, आणि दालनातले लोकही तुमच्या मशीनच्या आवाजाची तक्रार करू शकतात. आयोजकांना सत्रांचं वेळापत्रक मागा. सत्र सुटायच्या वेळेलाच घाणा सुरू करा.

कोपऱ्याचा आणखी एक त्रास: एक भिंत कमी मिळते आणि लोक दोन बाजूंनी आत हात घालतात. घाण्याचा पट्टा, गिअर उघडे असतील तर लहान मुलं असतात, जाळी बसवा.

मंडपवाला_दादा
पाणीदार यांचं म्हणणं मान्य आहे. माझा विरोध दाराला नाही, दारात चालत्या मशीनला आहे.

घाण्याची_सून
आज हे पत्र मेलने पाठवलं. काही राहिलं असेल तर सांगा.

'महोदय, आपल्या प्रदर्शनात ३ मीटर बाय ३ मीटरचा स्टॉल क्र. ब-१४ घेण्याचा आमचा विचार आहे. पैसे भरण्यापूर्वी पुढील गोष्टींचा लेखी खुलासा करावा ही विनंती. तारीख घातलेला, मापांसह नकाशा पाठवावा आणि त्यावर स्टॉलमधील खांबाची जागा दाखवावी. खांबामुळे वापरता न येणाऱ्या जागेचं भाडं वजा होईल का? नकाशा बदलून कोपरा गेल्यास जादा १० टक्के परत मिळतील का? आम्हाला मशीनसाठी ३ किलोवॅटची थ्री फेज लाइन, स्वतंत्र एमसीबीसह, स्टॉलच्या मागच्या भिंतीशी हवी आहे. प्रति किलोवॅट २,००० हा दर पूर्ण पाच दिवसांचा आहे का आणि केबल व जोडणी त्यात आली का? आदल्या दिवशी दुपारी चाचणीसाठी वीज मिळेल का? वीज गेल्यास जनरेटरवर ही लाइन चालू राहील का? मशीन उतरवण्यासाठी टेम्पो कोणत्या दारापर्यंत आणि किती वाजेपर्यंत आणता येईल? आम्ही सहभाग रद्द केल्यास आगाऊ रकमेपैकी किती आणि कोणत्या तारखेपर्यंत परत मिळेल? इनव्हॉइस सोबत दिलेल्या जीएसटी क्रमांकावर द्यावं.'

हिशेबनीस
अनामत रक्कम घेतात का आणि ती कधी परत देतात, हे राहिलं. बाकी पत्र उत्तम आहे. फोनवर कितीही चांगलं बोलले तरी उत्तर मेलनेच घ्या.

श्रीखंडवाले_काका
रात्री मशीनची राखण कोण करणार हेही विचारा, पोरी. आमच्या शेजारच्या स्टॉलमधून वजनकाटा गेला होता.

घाण्याची_सून
उत्तर आलं, तीन दिवसांनी. इथे सांगणं माझं कर्तव्य आहे, तुम्ही सगळ्यांनी इतका वेळ दिलात.

विजेचा दर पूर्ण पाच दिवसांचा आहे, पण केबल त्यात नाही. ब रांगेत थ्री फेज नाही, ती फक्त यंत्रांच्या ड विभागात आहे. ब-१४ पर्यंत ओढायचे ४,५०० वेगळे सांगितले. ड विभागात कोपऱ्याचा एक स्टॉल, ड-६, रिकामा आहे म्हणे. थ्री फेजचा बोर्ड मागच्या भिंतीलाच, वाट ५ मीटर, खांब नाही, टेम्पो थेट दारापर्यंत. दर तोच. यंत्रांचा विभाग आहे हे दरपत्रकात कुठेच नव्हतं, आणि मी 'शेती उत्पादने' असं लिहिल्यामुळे त्यांनी आम्हाला अ आणि ब दाखवले होते.

चाचणीची वीज आदल्या दिवशी चारनंतर देतील. जनरेटरवर मशीनची लाइन येणार नाही, फक्त दिवे. खांबाच्या जागेचे पैसे वजा होत नाहीत, असं उत्तर आलं. अनामत ५,०००, प्रदर्शनानंतर पंधरा दिवसांत परत. रात्री राखण त्यांची, पण चोरीची जबाबदारी घेणार नाहीत, तर पुतण्या तिथेच झोपेल.

रद्द केल्यास किती परत, याचं उत्तर मात्र दिलंच नाही. पुन्हा विचारलंय.

पाणीदार
ड-६ घ्या. यंत्रांच्या विभागात येणारा माणूस मशीन बघायलाच आलेला असतो. फक्त शेजारी ट्रॅक्टर किंवा कडबाकुट्टी कोणाची आहे का ते विचारा. कडबाकुट्टी दिवसभर चालली तर तुमचं तेल भुशाने भरेल.

घाण्याची_सून
ड-७ कोणी घेतलाय ते उद्या सकाळी विचारते. रद्द करण्याचं उत्तर येईपर्यंत पैसे भरणार नाही असंही सांगितलंय त्यांना.